स्लाइडवर एक, टिपणात दुसरे: संत्रा प्रतवारी केंद्राच्या सादरीकरणाचा सारांश करतानाचे प्रकरण

काटोल तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने सप्टेंबर महिन्यात, आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्यापूर्वी, आपल्या संचालक मंडळापुढे संत्रा प्रतवारी व वॅक्सिंग केंद्राचे सादरीकरण केले. त्याचा दोन पानी सारांश करून देण्याचे काम नागपुरातील आमच्या कार्यालयाकडे आले. हा सारांश कर्जप्रस्तावासोबत बँकेत जाणार होता, म्हणजे तो वाचणारा अधिकारी मूळ स्लाइड पाहणार नव्हता आणि सभेलाही हजर नव्हता. आमच्या हाती आली ती २६ स्लाइडची एक फाइल. सभेचे ध्वनिमुद्रण नव्हते. त्यामुळे वक्ता प्रत्यक्षात काय बोलला असेल याचा माग काढायला स्लाइडखाली लिहिलेली त्याची टिपणे एवढाच आधार होता, आणि १७ स्लाइडना अशी टिपणे होती.

दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. स्लाइड आधी वाचली की तिचा आकडा डोक्यात बसतो आणि मग टिपणातला वेगळा आकडा नुसताच तपशील वाटू लागतो. फाइलची `Notes Page` स्वरूपात छपाई केली तर वर स्लाइड आणि खाली टिपण असे पान मिळते. मात्र टिपण लांब असेल तर पानाबाहेर गेलेला मजकूर छपाईत येत नाही, आणि नेमक्या शेवटच्या ओळीतच वक्त्याने आपली शंका लिहून ठेवलेली असू शकते. म्हणून आमच्या सहकाऱ्याने मजकूर थेट फाइलमधून काढला.

```python
from pptx import Presentation

for i, s in enumerate(Presentation("prakalp.pptx").slides, 1):
    print("==", i, "HIDDEN" if s._element.get("show") == "0" else "")
    for sh in s.shapes:
        if sh.has_text_frame:
            print("S:", sh.text_frame.text)
    if s.has_notes_slide:
        print("N:", s.notes_slide.notes_text_frame.text)
```

या यादीत तक्त्यांतील, आलेखांतील, गटात बांधलेल्या चौकटींतील आणि चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर येत नाही; तो स्लाइड उघडून हाताने उतरवावा लागतो. लपवलेली स्लाइड मात्र यादीत लगेच ओळखू येते, आणि ते आवश्यक असते, कारण जी स्लाइड सभेत दाखवलीच गेली नाही तिचा मजकूर सारांशात घेता येत नाही. या फाइलमध्ये तशी स्लाइड नव्हती. चार ठिकाणी मात्र स्लाइड एक सांगत होती आणि टिपण दुसरे.

पहिली विसंगती सातव्या स्लाइडवर होती. तेथील तक्त्यात सभासदांच्या संत्रा बागांचे एकूण क्षेत्र १,२४० हेक्टर असे होते आणि खालच्या टिपणात तोच आकडा एकरांत होता. एका हेक्टरमध्ये सुमारे २.४७ एकर येतात, तेव्हा हा फरक अडीच पटीच्या जवळ जाणारा होता. याच सादरीकरणाच्या सहाव्या स्लाइडवर ६२० सभासदांची सरासरी बाग दोन एकर असल्याचे म्हटले होते आणि चौदाव्या स्लाइडवर झाडांची संख्या सुमारे १ लाख ३९ हजार दिली होती. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लागवड धरली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. १,२४० एकर म्हणजे जवळपास ५०२ हेक्टर, आणि त्याला २७७ ने गुणले की झाडांचा आकडा बरोबर जुळतो. क्षेत्र खरोखरच १,२४० हेक्टर असते तर झाडे ३ लाख ४३ हजारांवर गेली असती.

इथे थांबून टिपण खरे आणि स्लाइड चुकीची, असा निकाल देण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरला, कारण सरासरी बाग आणि झाडांची संख्या हे दोन्ही आकडे बहुधा त्याच मूळ क्षेत्रावरून काढलेले होते. एकाच मुळातून निघालेले तीन आकडे एकमेकांशी जुळले तर आकडेमोड बरोबर आहे इतकेच सिद्ध होते; मूळ आकडा खरा असल्याचे सिद्ध होत नाही. स्वतंत्र पुरावा होता तो कंपनीच्या सभासद नोंदवहीत. ही नोंदवही सभासदांच्या सातबारा उताऱ्यांवरून भरलेली होती. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर या मापांत असते, त्यामुळे एकरांचा घोटाळा तिथे होण्याचे कारण नव्हते. मात्र उताऱ्यातील गाव नमुना सातवरचे क्षेत्र संपूर्ण भूमापन क्रमांकाचे असते आणि त्यात कपाशी व तुरीचीही जमीन येते. आम्हाला हवे होते ते गाव नमुना बारामधील पिकाच्या नोंदीतले संत्र्याखालचे क्षेत्र. नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना होता आणि त्याची बेरीज ५०१ हेक्टर ६४ आर आली. एकरांत ती १,२४० च्या अगदी जवळ जाते.

चूक कशी झाली हे सादरीकरण तयार करणाऱ्या प्रकल्प सल्लागाराकडून कळले. हे सादरीकरण मुळात जूनमध्ये सभासदांच्या सभेसाठी केलेले होते. सप्टेंबरमध्ये बँकेचा विषय आल्यावर त्यांनी तक्त्याच्या मथळ्यातील ‘एकर’ हा शब्द काढून ‘हेक्टर’ लिहिला आणि आकडे बदलायचे राहून गेले. त्यांनी जूनची फाइलही पाठवली, आणि तिसऱ्या व चौथ्या विसंगतींत तीच सर्वांत उपयोगी ठरली. फाइलच्या गुणधर्मांत शेवटच्या बदलाची जी तारीख दिसते ती संपूर्ण फाइलची असते; अमुक स्लाइड किंवा अमुक टिपण कधी लिहिले गेले हे त्यातून समजत नाही. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जुनी आवृत्ती मिळवून ओळीला ओळ लावून पाहणे.

दुसरी विसंगती प्रतवारीच्या प्रमाणाची. बाराव्या स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘प्रतवारी: ३,६०० टन’ असे होते. टिपणात ‘पहिल्या हंगामात २,१६० टनांच्या वर जाणार नाही, हे स्पष्ट सांगायचे’ असे लिहिले होते. वरवर पाहता एक आकडा दुसऱ्याला खोडतो. पण २,१६० ला ३,६०० ने भागले तर गुणोत्तर बरोबर ६० टक्के येते, आणि असा गोल भागाकार आला की दोन्ही आकडे एकाच हिशेबाच्या दोन पायऱ्या असण्याची शक्यता मोठी असते. स्लाइडवरील आलेख निवडून त्याची आधारसामग्री उघडली, तेव्हा मागे संपूर्ण एक्सेल फाइल जोडलेली निघाली. तासाला ५ टन, दिवसाला ८ तास, दोन्ही बहार मिळून ९० दिवस, म्हणजे ३,६०० टन; आणि त्याखालच्या ओळीत पहिल्या वर्षीचा वापर ६० टक्के. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, आलेख असा आधारफाइलीसकट चिकटवला की तिच्यातील सर्व पाने सादरीकरणासोबत जातात. या फाइलमध्ये यंत्र पुरवठादारांच्या दरांचे पानही तसेच राहिले होते, आणि बँकेला फाइल पाठवण्यापूर्वी ते काढण्याची सूचना आम्ही वेगळी दिली.

तेव्हा इथे चूक कोणाचीच नव्हती. स्लाइड यंत्राची क्षमता सांगत होती, टिपण पहिल्या वर्षीचा अपेक्षित वापर सांगत होते, आणि ‘प्रतवारी’ या मोघम मथळ्याने दोघांनाही एकाच नावाखाली आणले होते. माझ्या मते सारांश लिहिणाऱ्याने सर्वांत जपायचे ते अशा विसंगतीपासून, कारण इथे कोणताही एक आकडा निवडला तरी वाक्य चुकीचे ठरत नाही आणि म्हणून तपासणीत ते सापडतही नाही. परतफेडीची कुवत मोजणाऱ्या अधिकाऱ्याने क्षमतेचाच आकडा उत्पन्न म्हणून धरला असता तर पहिल्या वर्षाचा सगळा हिशेब फसला असता. सारांशात दोन्ही आकडे घेतले आणि दोन्हींना त्यांची नावे दिली: ‘केंद्राची क्षमता हंगामी ३,६०० टन असून पहिल्या वर्षी तिच्या ६० टक्के, म्हणजे २,१६० टन, वापर अपेक्षित आहे.’

तिसऱ्या विसंगतीवर सर्वांत जास्त वेळ गेला. बाविसाव्या स्लाइडवर ‘यंत्रखरेदीस संचालक मंडळाची मंजुरी’ असे वाक्य होते. खालचे टिपण असे: ‘मंजुरी अजून नाही. आधी हमीदारांचे बघू, मग हा विषय. डावीकडचा लाल स्तंभ दाखवून खर्च समजवायचा.’ कर्जप्रस्तावाच्या सारांशात मंजुरी आहे की नाही याइतकी महत्त्वाची ओळ दुसरी नसते, आणि दोन्ही मजकूर एकमेकांच्या थेट विरुद्ध होते.

धागा मिळाला तो लाल स्तंभात. या स्लाइडवर लाल स्तंभच काय, कोणताच आलेख नव्हता. टिपण स्लाइडवरील एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवत असेल आणि ती गोष्ट स्लाइडवर नसेल, तर ते टिपण आधीच्या कोणत्या तरी स्लाइडसाठी लिहिलेले आहे असे समजायला हरकत नाही. स्लाइडची प्रत काढली की तिच्याखालचे टिपणही प्रतीसोबत येते. आणि खालची टिपणांची पट्टी सरकवून बंद केलेली असेल तर वरचा मजकूर बदलणाऱ्याला ते दिसतही नाही. जूनच्या फाइलमध्ये खर्चाच्या आलेखाखाली हेच टिपण अक्षरशः जसेच्या तसे सापडले. सल्लागारांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, नोट्स जूनच्याच राहिल्यात. मी फक्त वरचं बदललं.”

यावरून टिपण शिळे आहे एवढे ठरले. स्लाइड खरी आहे हे अजून ठरायचे होते. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजण्याची चूक आमच्या क्षेत्रात वारंवार होते: एक साक्षीदार बाद झाला की दुसऱ्याचे म्हणणे आपोआप मान्य केले जाते. मंडळाने काय ठरवले याचा अधिकृत पुरावा सादरीकरण असू शकत नाही, कारण सादरीकरण सभेच्या आधी तयार होते आणि निर्णय सभेत होतो. स्लाइडवर ‘मंजुरी’ लिहिणाऱ्याने ती मिळेल या अपेक्षेने लिहिली असणेही शक्य होते. म्हणून आम्ही सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागवली.

इतिवृत्तातील ठराव स्लाइडपेक्षाही वेगळा निघाला आणि टिपणापेक्षाही. मंडळाने यंत्रखरेदीला तत्त्वतः मंजुरी दिली होती. तीन पुरवठादारांची दरपत्रके मागवावीत आणि खरेदीचा आदेश कर्ज मंजूर झाल्यानंतरच द्यावा, अशा दोन अटी तिला होत्या. हमीदारांचा विषय ठरावात नव्हता. अध्यक्षांना फोन केला, तेव्हा त्यांनी अटींना दुजोरा दिला आणि वर म्हणाले, “मंजुरी दिली म्हणजे पैसे मोजून मोकळे झालो असं नाही ना भाऊ. बँक काय म्हणते ते पाहिल्याशिवाय ऑर्डर कशी देणार?” हे त्यांचे वाक्य सारांशात आले नाही, पण ठरावातील अट नुसती औपचारिक नाही हे त्यातून कळले. सारांशात ठरावाचा क्रमांक, तारीख आणि दोन्ही अटी घेतल्या. स्लाइडवरचे वाक्य घेतले नाही. बँकेच्या दृष्टीने यात तोटाही नव्हता. बिनशर्त मंजुरीपेक्षा कर्जमंजुरीला बांधलेली मंजुरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला प्रस्तावाचा क्रम अधिक नीट समजतो.

एवढे झाल्यावर कार्यालयात एक सोयीचा नियम पुढे आला. जूनची टिपणे शिळी आहेत, तेव्हा जिथे जिथे स्लाइडशी पटत नाही तिथे स्लाइड धरावी आणि काम संपवावे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. क्षेत्राच्या बाबतीत जूनचे टिपणच खरे ठरले होते, हे एक उत्तर त्याला पुरेसे होते. दुसरे उत्तर चौथ्या विसंगतीने दिले.

अकराव्या स्लाइडवरील वर्तुळाकृती आलेखात सभासदांच्या उत्पादनापैकी आंबिया बहाराचा वाटा ७० टक्के आणि मृग बहाराचा ३० टक्के दाखवला होता. टिपण म्हणत होते: ‘मृग धरणारे वाढले आहेत, आता निम्मे निम्मे समजा.’ दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, तर आलेख जूनचाच होता आणि टिपण जूनच्या फाइलमध्ये नव्हते. म्हणजे बाविसाव्या स्लाइडवर टिपण जुने आणि स्लाइड नवी होती, तर इथे नेमके उलटे झाले होते. फक्त तारखेवर निर्णय द्यायचा असता तर टिपण स्वीकारावे लागले असते.

सल्लागारांना या टिपणाचा आधार विचारला. एका संचालकांनी सभेच्या आदल्या दिवशी बोलता बोलता तसे सांगितले आणि विसरायला नको म्हणून त्यांनी ते लिहून ठेवले, असे उत्तर मिळाले. मोजणी झालेली नव्हती. स्लाइडवरील ७० टक्क्यांचा आधार मागील हंगामात कंपनीमार्फत विकल्या गेलेल्या मालाच्या पावत्यांचा होता. पण सगळे सभासद सगळा माल कंपनीमार्फत विकत नाहीत आणि बाग उभी असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकणारेही अनेक आहेत, त्यामुळे पावत्यांवरून निघालेला वाटा संपूर्ण उत्पादनाचा धरता येत नाही. एका बाजूला जुनी पण कागदावरची अपुरी नोंद आणि दुसऱ्या बाजूला ताजे पण ऐकीव मत, अशी ही स्थिती होती. सभेत यापैकी प्रत्यक्ष काय सांगितले गेले हे सल्लागारांना खात्रीने आठवत नव्हते. दोन संचालकांना विचारले, तर त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.

हा प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. आंबियाची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मृगाची फेब्रुवारीपासून पुढे, तेव्हा केंद्राच्या हाती पैसा कोणत्या महिन्यांत येईल हे या वाट्यावर ठरते आणि कर्जाचे हप्ते त्याच महिन्यांना धरून बांधावे लागतात. सरासरी काढून ६० आणि ४० लिहिण्याची कल्पनाही निघाली. ती आम्ही तत्काळ फेटाळली, कारण तो आकडा ना स्लाइडवर होता, ना टिपणात, ना कोणाच्या तोंडी. दोन साक्षींमधला मध्य काढला की तिसरीच, कोणीही न दिलेली साक्ष तयार होते, आणि सारांशावर विश्वास ठेवणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

आणखी एक अडचण परवानगीची होती. टिपण वक्त्याने स्वतःसाठी लिहिलेले असते. त्यातील मजकूर तिसऱ्या पक्षाकडे जाणाऱ्या कागदात घ्यायचा तर त्याला विचारणे भाग आहे. सल्लागारांनी संमती दिली, मात्र संचालकांचे नाव येऊ नये अशी विनंती केली आणि ती रास्त होती. सारांशात शेवटी हे वाक्य गेले: ‘कंपनीमार्फत झालेल्या मागील हंगामाच्या विक्रीत आंबिया बहाराचा वाटा ७० टक्के होता, मृग बहार धरणाऱ्या सभासदांची संख्या वाढल्याचे कंपनीचे म्हणणे असून एकूण उत्पादनातील वाट्याची मोजणी अद्याप झालेली नाही.’ आकड्याचा आधार त्याच्याच वाक्यात दिला. तळटीप केली असती तर दोन पानांच्या कागदात ती वाचली गेली नसती.

सारांशासोबत कंपनीला एक पानाचा विसंगती तक्ता दिला. त्यात प्रत्येक बाबीसमोर स्लाइडवरील मजकूर, टिपणातील मजकूर, पाहिलेला पुरावा आणि सारांशात घेतलेले वाक्य असे रकाने होते, आणि खाली अध्यक्ष व सल्लागार यांच्या सह्या घेतल्या. हा तक्ता बँकेकडे गेला नाही. तो कंपनीच्या दप्तरासाठी होता, जेणेकरून उद्या कोणी मूळ फाइल उघडून १,२४० हेक्टरचा आकडा पुढे केला तर सारांशात ५०२ हेक्टर का आहे याचे उत्तर तिथेच मिळावे. मूळ फाइलमध्येही सातव्या स्लाइडचा तक्ता दुरुस्त करून घेतला आणि बाविसाव्या स्लाइडखालचे जुने टिपण काढले. अकराव्या स्लाइडला हात लावला नाही. बँकेने अपेक्षेप्रमाणे बहारांच्या वाट्याबद्दलच विचारणा केली, आणि कंपनीने गावनिहाय यादी करून मृग बहार धरलेल्या बागांची मोजणी हाती घेतली.